रक्तातले औषध आणि मॅट्रिक्सचा घातांक

एखादी राशी ज्या वेगाने घटते तो वेग त्या राशीच्याच प्रमाणात असेल, तर तिचा हिशेब सोपा असतो. भांड्यात उरलेल्या प्रत्येक मिलिग्रॅममधून तासाला ठरावीक हिस्सा निघून जातो, एवढेच समीकरण सांगते: `x' = -kx`. इथे `x'` म्हणजे `x` च्या बदलाचा वेग. त्याचे उत्तर `x(t) = x(0) e^(-kt)` हे घातांकी फलन, आणि ते बारावीच्या विज्ञान शाखेतही शिकवले जाते. अडचण सुरू होते ती दोन राशी एकमेकींचा वेग ठरवू लागल्या की. पहिलीचे समीकरण सोडवायला दुसरी माहीत असावी लागते, दुसरीचे सोडवायला पहिली.

शिरेतून दिलेले औषध हे याचे नेमके उदाहरण आहे. रक्तात गेलेल्या औषधाचा काही भाग यकृत आणि मूत्रपिंडांवाटे शरीराबाहेर जातो. काही भाग स्नायू, चरबी अशा ऊतींमध्ये शिरतो आणि तिथून पुन्हा रक्तात परततो. स्वीडनमधील शास्त्रज्ञ टॉर्स्टेन टेओरेल यांनी १९३७ मध्ये शरीराकडे असे कप्प्याकप्प्यांनी पाहून औषधाच्या वाटचालीची समीकरणे मांडली. औषधांच्या मात्रा ठरवणारे शास्त्र आजही या कप्प्यांच्याच भाषेत बोलते.

समजा, रक्तातले औषध `x` मिलिग्रॅम आणि ऊतींमधले `y` मिलिग्रॅम आहे. रक्तातल्या औषधापैकी तासाला ०.३ या दराने बाहेर टाकले जाते आणि ०.२ या दराने ऊतींत जाते. ऊतींतले औषध ०.२ या दराने रक्तात परत येते. हे आकडे हिशेब डोळ्यांसमोर राहावा म्हणून निवडलेले आहेत, कोण्या विशिष्ट औषधाचे नाहीत. रक्तातून एकूण ०.३ + ०.२ = ०.५ या दराने औषध निघते, म्हणून समीकरणे अशी होतात:

```
x' = -0.5x + 0.2y
y' =  0.2x - 0.2y
```

चार सहगुणक चौकोनात मांडले की मॅट्रिक्स `A` मिळते, आणि `x`, `y` यांची जोडी उभी लिहिली की तिला सदिश म्हणतात. मग दोन्ही समीकरणे मिळून `u' = Au` एवढ्या छोट्या रूपात मावतात. हे रूप दिसायला एका राशीच्या समीकरणासारखेच आहे. ते साम्य किती खोलवर जाते, हे पुढे दिसेल.

आता थोडे आकडे घालून पाहावे. एका क्षणी रक्तात १० आणि ऊतींत १० मिलिग्रॅम औषध आहे असे धरले, तर पहिल्या समीकरणातून रक्तातले औषध तासाला ३ मिलिग्रॅम या वेगाने घटते आहे आणि दुसऱ्यातून ऊतींतले जागच्या जागी आहे. पुढच्याच क्षणी दोघांचे प्रमाण बदलते, प्रमाण बदलले की वेग बदलतात, आणि हा गुंता सुटत नाही. पण रक्तात १० आणि ऊतींत २० मिलिग्रॅम असेल तर? पहिला वेग −५ + ४ = −१, दुसरा २ − ४ = −२. म्हणजे १० मधून १ आणि २० मधून २: दोन्ही कप्पे दहा टक्के या एकाच दराने रिते होत आहेत. त्यामुळे एकास दोन हे प्रमाण पुढच्या क्षणीही टिकते, त्यापुढच्याही, आणि शेवटपर्यंत. या प्रमाणात सुरुवात झाली तर दोन समीकरणांचे ओझे उरतच नाही. दोन्ही राशी `e^(-0.1t)` या एकाच फलनाने घटत राहतात.

सारी पद्धत या निरीक्षणावर उभी आहे. मॅट्रिक्सने गुणल्यावर ज्या सदिशाची दिशा बदलत नाही, फक्त लांबी कमीजास्त होते, त्याला त्या मॅट्रिक्सचा आयगेन सदिश म्हणतात आणि लांबी जितक्या पटीने बदलते ती संख्या म्हणजे आयगेन मूल्य. वरच्या उदाहरणात (१, २) हा आयगेन सदिश आणि −०.१ हे त्याचे आयगेन मूल्य. मराठी पुस्तकांत यांना लाक्षणिक सदिश आणि लाक्षणिक मूल्य असेही म्हटलेले आढळते.

अशी दिशा अंदाजाने शोधावी लागत नाही. `Av = λv` ही अट `(A - λI)v = 0` अशी लिहिता येते. इथे `I` ही एकक मॅट्रिक्स, म्हणजे कर्णावर १ आणि बाकी ठिकाणी शून्ये असलेली. शून्य नसलेला `v` मिळायचा असेल, तर `A - λI` चा निर्धारक शून्य असायला हवा. आपल्या मॅट्रिक्ससाठी ते असे होते:

```
(-0.5 - λ)(-0.2 - λ) - 0.04 = 0
λ² + 0.7λ + 0.06 = 0
(λ + 0.1)(λ + 0.6) = 0
```

दोन आयगेन मूल्ये मिळाली, −०.१ आणि −०.६. हिशेब बरोबर आहे का हे पाहण्याची एक झटपट खूण आहे. आयगेन मूल्यांची बेरीज मॅट्रिक्सच्या कर्णावरील संख्यांच्या बेरजेइतकी (−०.७) आणि गुणाकार निर्धारकाइतका (०.०६) असायलाच हवा. −०.६ हे मूल्य परत ठेवल्यावर दुसरा सदिश (२, −१) निघतो.

या दुसऱ्या सदिशातला उणे आकडा पाहून वाचक थबकणे साहजिक आहे, कारण ऊतींत उणे एक मिलिग्रॅम औषध असू शकत नाही. पण ही दिशा एकटी कधी प्रत्यक्षात उतरत नाही. ती फक्त मिश्रणाचा एक घटक म्हणून येते, आणि तिचा अर्थ असा की रक्तात औषध टिकाऊ प्रमाणापेक्षा जास्त आहे, ऊतींत कमी आहे. ही तफावत ०.६ या वेगवान दराने भरून निघते. एकूण औषध शरीराबाहेर जाण्याची संथ चाल पहिल्या दिशेत आहे.

समजा, १०० मिलिग्रॅम औषध एकदम शिरेत दिले. सुरुवातीचा सदिश (१००, ०). तो दोन आयगेन दिशांत फोडायचा: `a(1,2) + b(2,-1)`. पहिल्या घटकावरून `a + 2b = 100`, दुसऱ्यावरून `2a - b = 0`, म्हणून `a = 20`, `b = 40`. आता प्रत्येक दिशा आपापल्या दराने घटू द्यायची आणि शेवटी बेरीज करायची:

```
x(t) = 20 e^(-0.1t) + 80 e^(-0.6t)
y(t) = 40 e^(-0.1t) - 40 e^(-0.6t)
```

उत्तर पूर्ण झाले. `t = 0` ठेवले की १०० आणि ० परत मिळतात. ऊतींतले औषध शून्यापासून वाढत जाते, साधारण ३.६ तासांनी सुमारे २३.३ मिलिग्रॅमवर पोचते आणि मग उतरू लागते. त्या क्षणी रक्तातही नेमके तितकेच औषध असते. तसे असणे भागच आहे, कारण या उदाहरणात ऊतींत शिरण्याचा आणि बाहेर पडण्याचा दर सारखा आहे आणि ऊतींतली वाढ थांबते ती दोन्हीकडे औषध समसमान झाल्यावर.

रक्तातल्या औषधाचे सूत्र जरा बारकाईने वाचण्यासारखे आहे. दीड तासाने रक्तात सुमारे ५० मिलिग्रॅम उरते. फक्त एवढे मोजून कोणी ‘या औषधाचे अर्धायुष्य दीड तास’ असे ठरवले, तर बारा तासांत आठ वेळा निम्मे होऊन ०.४ मिलिग्रॅमही उरू नये. प्रत्यक्षात बारा तासांनी रक्तात ६ मिलिग्रॅमहून थोडे अधिक औषध असते, अंदाजाच्या पंधरापट. पहिल्या काही तासांतल्या घसरणीचा काही भाग औषध बाहेर गेल्यामुळे नव्हे, तर ते ऊतींत शिरल्यामुळे झालेला असतो. नंतर उरते ती संथ दिशा, आणि तिचे अर्धायुष्य ०.६९३ भागिले ०.१, म्हणजे जवळपास सात तास.

औषधशास्त्रात हे सूत्र उलट्या बाजूनेही वापरतात. दर आधी माहीत नसतात, रक्ताचे नमुने तेवढे हाती असतात. (प्रत्यक्षात नमुन्यातून एकूण मिलिग्रॅम नव्हे, दर लिटरमागचे प्रमाण मिळते. रक्तकप्प्याच्या आकारमानाने भागले की सूत्र तेच राहते.) या मोजमापांचे लॉगॅरिदम काळासमोर मांडले, की उशिराचे बिंदू एका सरळ रेषेत येतात, कारण तोवर वेगवान घटक विरून गेलेला असतो. त्या रेषेचा उतार संथ आयगेन मूल्य देतो आणि ती रेषा मागे शून्य वेळेपर्यंत वाढवली की २० हा सहगुणक मिळतो. मूळ मोजमापांतून ही रेषा वजा केल्यावर जे उरते ते पुन्हा लॉगॅरिदमच्या कागदावर मांडायचे. दुसरी सरळ रेषा येते आणि तिच्यातून −०.६ व ८० मिळतात. नमुने पहिल्या तीन-चार तासांतच घेणे थांबवले, तर मात्र ही संथ शेपटी हातून निसटते.

ती निसटणे किती महागात पडते, हे सहगुणकांवरून लगेच कळत नाही. ८० समोर २० दुय्यम वाटतात. पण बाहेर जाणारे औषध मोजायचे, तर रक्तातल्या वक्राखालचे क्षेत्रफळ ०.३ ने गुणावे लागते. वेगवान घटकाचे क्षेत्रफळ ८० भागिले ०.६, म्हणजे १३३.३. संथ घटकाचे २० भागिले ०.१, म्हणजे २००. ०.३ ने गुणल्यावर अनुक्रमे ४० आणि ६० मिलिग्रॅम. बेरीज बरोबर १००, म्हणजे दिलेले सगळे औषध अखेर बाहेर गेले, आणि त्यातले निम्म्याहून अधिक त्या क्षुल्लक वाटणाऱ्या शेपटीच्या खात्यात जमा आहे.

आता `u' = Au` आणि `x' = -kx` यांच्यातल्या साम्याकडे वळता येते. एका राशीच्या समीकरणाचे उत्तर `e^(-kt)` या रूपात येते, मग मॅट्रिक्सच्या समीकरणाचे उत्तर `e^(At)` असे लिहिता येईल का? संख्येला मॅट्रिक्सचा घातांक देणे निरर्थक वाटते खरे, पण `e` च्या घाताची अनंत श्रेणी मॅट्रिक्स घालूनही जशीच्या तशी लिहिता येते, कारण तिच्यात केवळ गुणाकार आणि बेरीज लागते:

```
e^(At) = I + At + (At)²/2! + (At)³/3! + ...
```

कोणतीही चौरस मॅट्रिक्स घेतली तरी ही श्रेणी एका निश्चित मॅट्रिक्सकडे जाते, कारण छेदातले क्रमगुणित घातांपेक्षा झपाट्याने वाढते. प्रत्येक पदाचा काळानुसार बदलाचा वेग काढला की पुन्हा हीच श्रेणी `A` ने गुणून मिळते. म्हणूनच `u(t) = e^(At) u(0)` हे समीकरणांचे उत्तर ठरते. रेषीय अवकल समीकरणे अशा श्रेणीने सोडवण्याचे काम इटालियन गणिती ज्युसेप्पे पेआनो यांनी १८८८ मध्ये प्रसिद्ध केले होते.

श्रेणी हे झाले व्याख्येचे रूप. हाताने हिशेब करायचा तर आयगेन दिशाच कामी येतात, कारण आयगेन सदिशावर `A` म्हणजे नुसती एक संख्या असते आणि सगळी श्रेणी आकसून `e^(λt)` होते. आयगेन सदिश स्तंभ म्हणून मांडून `P` ही मॅट्रिक्स केली आणि आयगेन मूल्ये कर्णावर मांडून `D` केली, तर `A = P D P⁻¹` आणि `e^(At) = P e^(Dt) P⁻¹`. यात `e^(Dt)` म्हणजे कर्णावर `e^(λt)` अशा संख्या, बाकी शून्ये. उजवीकडून वाचले तर आधी सुरुवातीचा सदिश आयगेन दिशांत फोडायचा, मग प्रत्येक भाग आपल्या दराने घटवायचा आणि मग पुन्हा रक्त-ऊतींच्या भाषेत परतायचे. वर `a` आणि `b` काढून केले ते हेच. आपल्या उदाहरणात:

```
e^(At) = (1/5) e^(-0.1t) [1 2; 2 4] + (1/5) e^(-0.6t) [4 -2; -2 1]
```

चौकटी कंसात अर्धविरामाआधी पहिली ओळ आहे आणि नंतर दुसरी. या मॅट्रिक्सचा पहिला स्तंभ सांगतो, रक्तात दिलेल्या एका मिलिग्रॅमचे `t` तासांनी काय झाले. दुसरा स्तंभ तेच ऊतींतल्या एका मिलिग्रॅमबद्दल सांगतो. म्हणजे एका सुरुवातीचे उत्तर नव्हे, तर सर्व शक्य सुरुवातींची उत्तरे एकाच चौकोनात आली.

याचा खरा उपयोग डोस पुन्हा पुन्हा दिला जातो तेव्हा दिसतो. दर आठ तासांनी १०० मिलिग्रॅम द्यायचे ठरले, तर दर वेळी नव्याने समीकरणे सोडवण्याचे कारण नाही. `e^(8A)` एकदाच काढायची. तिचे घटक सुमारे ०.०९६, ०.१७६, ०.१७६ आणि ०.३६१ येतात. ही मॅट्रिक्स म्हणजे आठ तासांची एक उडी. दुसऱ्या डोसच्या आधी रक्तात ९.६ आणि ऊतींत १७.६ मिलिग्रॅम असते. रक्तात १०० मिळवून पुन्हा हीच उडी मारली की तिसऱ्या डोसआधीचे आकडे मिळतात, सुमारे १३.७ आणि २५.७. असे करत गेल्यावर हे आकडे १७.० आणि ३२.३ यांवर स्थिरावतात. तिथे पोचायला किती डोस लागतात, हेही आयगेन मूल्यच सांगते. संथ दिशेत दर उडीला उरलेली तफावत `e^(-0.8)`, म्हणजे ०.४५ पट होते, आणि पाच डोसांत ती दोन टक्क्यांच्या आत येते. गंमत अशी की रक्तातला वरचा आकडा १०० वरून जेमतेम ११७ वर जातो, पण ऊतींतला साठा डोस देण्याच्या क्षणी शून्याऐवजी ३२ असतो. औषधाचा दुष्परिणाम ऊतींतल्या साठ्याशी निगडित असेल, तर केवळ रक्ताचा पहिला नमुना पाहून तो कळणार नाही.

आयगेन मूल्ये नेहमीच वास्तव संख्या असतात असे नाही. निर्धारकाच्या वर्गसमीकरणात मुळाखाली उणे संख्या आली की ती संमिश्र निघतात, आणि उत्तरात आंदोलने दिसू लागतात. स्प्रिंगला टांगलेले, हवेच्या रोधाने हळूहळू थांबणारे वजन घेतले आणि त्याचे स्थान व वेग या दोन राशी मानल्या, तर आयगेन मूल्ये समजा −०.१ ± २i अशी येतात. वास्तव भाग −०.१ आंदोलन विरण्याचा दर देतो, काल्पनिक भाग २ त्याची लय: उत्तर `e^(-0.1t)` गुणिले `cos 2t` आणि `sin 2t` यांचे मिश्रण असते. दोन कप्प्यांच्या औषधाच्या समीकरणांत मात्र असे कधीच होत नाही. तिथे मुळाखाली एक वर्ग आणि दोन धन दरांच्या गुणाकाराची चौपट यांची बेरीज असते, ती उणे होऊ शकत नाही. त्यामुळे असा नमुना वापरणाऱ्याला संगणकाकडून संमिश्र आयगेन मूल्ये मिळाली, तर मॅट्रिक्समध्ये एखादे चिन्ह चुकले आहे हे नक्की.

खरी पंचाईत निराळ्या ठिकाणी होते. औषध शिरेऐवजी गोळीतून दिले असे धरू. आता पोट आणि रक्त हे दोन कप्पे. पोटातून रक्तात औषध `p` या दराने जाते, रक्तातून `q` या दराने बाहेर पडते आणि पोटात परत येत नाही. आयगेन मूल्ये −p आणि −q. रक्तातल्या औषधाचे सूत्र, १०० मिलिग्रॅमच्या गोळीसाठी, असे निघते:

```
100 p/(p - q) · (e^(-qt) - e^(-pt))
```

हॅरी बेटमन यांनी १९१० मध्ये किरणोत्सर्गी मूलद्रव्यांच्या साखळीसाठी काढलेल्या सूत्रांचे हे सर्वांत छोटे रूप. दोन्ही दर समान असतील तर छेद शून्य होतो, कंसही शून्य होतो आणि सूत्र मुके होते. कारण आयगेन सदिशांत आहे. `p = q` झाल्यावर दोन्ही आयगेन दिशा एकच होतात. एका दिशेवरून सगळे प्रतल व्यापता येत नाही, `P` ला व्यस्त राहत नाही आणि फोडणीची सगळी रीत बंद पडते.

घातांकी मॅट्रिक्सला मात्र याची झळ लागत नाही, कारण श्रेणीला आयगेन सदिश लागतच नाहीत. `p = q = 0.5` असताना मॅट्रिक्स दोन भागांत लिहिता येते: −०.५ गुणिले `I`, आणि डाव्या खालच्या कोपऱ्यात ०.५ असलेली `N`. `N` चा वर्ग शून्य असतो, त्यामुळे तिची श्रेणी दोनच पदांत संपते: `e^(At) = e^(-0.5t)(I + tN)`. रक्तातले औषध `50t e^(-0.5t)` होते, दोन तासांनी ३६.८ मिलिग्रॅमच्या शिखरावर पोचते. घातांकी फलनाला चिकटलेला तो `t` हा एकरूप झालेल्या दिशांचा ठसा आहे. अशा मॅट्रिक्सचे सर्वसाधारण रूप फ्रेंच गणिती कामिय जॉर्दां यांच्या नावाने ओळखले जाते.

दर नेमके सारखे असणे व्यवहारात विरळा, पण जवळजवळ सारखे असणे नित्याचे, आणि त्रास त्यातच जास्त आहे. `p = 0.5` आणि `q = 0.4999` घेतले, तर सूत्र चालते, पण त्यातला सहगुणक पाच लाख होतो. पाच लाखांच्या दोन जवळपास सारख्या संख्यांची वजाबाकी करून ३७ मिलिग्रॅम काढायचे, आणि त्यात पुढचे चार अंक वाया जातात. आयगेन सदिश जवळजवळ समांतर झाले आहेत याची ही खूण: सहगुणक मूळ राशींपेक्षा अवाढव्य आणि विरुद्ध चिन्हांचे दिसू लागले की ही पद्धत सोडून द्यावी.

मग श्रेणीच थेट संगणकाला बेरीज करायला द्यावी, असे वाटेल. क्लीव्ह मोलर आणि चार्ल्स व्हॅन लोन यांनी १९७८ मध्ये एक निबंध लिहिला, त्याचा विषयच मुळी घातांकी मॅट्रिक्स काढण्याच्या एकोणीस शंकास्पद पद्धती असा होता, आणि सरळ श्रेणी त्यांत पहिल्याच झटक्यात बाद होते. आपल्या शिरेतल्या उदाहरणात १०० तासांनंतरची स्थिती श्रेणीने काढायची म्हटली, तर वेगवान दिशेत −६० चे घात येतात. मधली पदे १० च्या २४ व्या घातापर्यंत चढतात, धन-ऋण आलटून पालटून. संगणक साधारण सोळा अंक सांभाळतो, म्हणजे एवढ्या मोठ्या पदांत कोट्यवधींची चूक शिल्लक राहते. खरे उत्तर आहे एका मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागाएवढे.

यावरचा चालू उपाय उडीच्याच गुणधर्मातून येतो. शंभर तासांची उडी म्हणजे दोन पन्नास तासांच्या उड्या, पन्नासची म्हणजे दोन पंचवीसच्या. असे निम्मे करत करत काळ इतका लहान करायचा की श्रेणीसारखे, पण तिच्याहून काटकसरीचे पादे यांचे अपूर्णांक वापरून घातांक अचूक मिळतो. मग त्या मॅट्रिक्सचा पुन्हा पुन्हा वर्ग करत मूळ काळापर्यंत यायचे. मॅटलॅब आणि साय-पाय या दोन्हींत `expm` नावाचे फलन याच धाटणीचे आहे:

```
import numpy as np
from scipy.linalg import expm
A = np.array([[-0.5, 0.2], [0.2, -0.2]])
print(expm(6*A) @ np.array([100, 0]))
```

सहा तासांनंतरचे उत्तर सुमारे १३.१६ आणि २०.८६ येते, वरच्या सूत्रांशी जुळणारे. इथे `expm` च्या जागी चुकून `np.exp` लिहिले, तर संगणक तक्रार करत नाही. तो मॅट्रिक्समधल्या प्रत्येक संख्येचा वेगवेगळा घातांक काढतो आणि ऊतींत ३३२ मिलिग्रॅम औषध असल्याचे सांगतो, दिले होते १०० तरी. ही चूक ओळखण्याची सोपी कसोटी म्हणजे `t = 0` घालणे. खरा घातांक एकक मॅट्रिक्स देतो, खोटा सगळीकडे १.

आणखी एक सापळा सवयीतून येतो. संख्यांसाठी `e^(a+b)` म्हणजे `e^a` गुणिले `e^b`. मॅट्रिक्ससाठी हा नियम `AB` आणि `BA` समान असतील तेव्हाच हमखास लागू होतो. म्हणून दर काळानुसार बदलत असतील, उदाहरणार्थ मूत्रपिंडांचे काम दिवसागणिक मंदावत असेल, तर `A` चे समाकलन करून त्याचा घातांक काढणे बहुधा चुकीचे उत्तर देते. तिथे काळाचे छोटे तुकडे पाडून, प्रत्येक तुकड्यात `A` स्थिर मानून, त्या त्या उड्या क्रमाने एकामागून एक लावाव्या लागतात. क्रम उलटला की उत्तर बदलते.

शेवटची मर्यादा खुद्द समीकरणाची आहे. वेग राशीच्या प्रमाणात असतो, हे गृहीतच जिथे मोडते तिथे आयगेन मूल्येही मोडतात. फेनिटॉइन हे फेपऱ्यावरचे औषध यकृतातली जी विकरे बाहेर काढतात, ती नेहमीच्या उपचाराच्या मात्रेतच भरून जातात. त्यानंतर डोस थोडा वाढवला तरी रक्तातले प्रमाण कितीतरी जास्त वाढते, आणि त्याला एक ठरावीक अर्धायुष्य उरत नाही. अशा वेळी समीकरणे रेषीय नसतात. ती ज्या स्थितीत स्थिरावतात तिच्या अगदी जवळ मात्र छोटी विचलने रेषीय समीकरणेच पाळतात, बदलाच्या वेगांच्या आंशिक अवकलजांतून बनलेल्या मॅट्रिक्ससह. तिच्या सर्व आयगेन मूल्यांचा वास्तव भाग ऋण असेल तर विचलने विरतात, एकाचाही धन असेल तर वाढतात. सर्वांत मोठा वास्तव भाग नेमका शून्य असेल, तर मॅट्रिक्सवरून काहीच ठरत नाही आणि मूळ समीकरणांकडेच परतावे लागते.